सोसायटीच्या कमिटीला उभा राहतोय, पत्रकाचा मसुदा बघून झोडा

तळमजला (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या सोसायटीची निवडणूक लागली आहे. दोन विंग, ८४ फ्लॅट, कमिटीच्या ११ जागा. सर्वसाधारण गटातल्या ६ जागांना ९ अर्ज आलेत, त्यात एक माझा. आजवर मी सभेत मागच्या खुर्चीवर बसून चहा पिणारा सभासद होतो, त्यामुळे हे सगळं नवीन आहे. एका पानाचं पत्रक छापून दारोदार देणार आहे. भरमसाट आश्वासनं द्यायची नाहीत, दोनच द्यायची आणि ती पाळायची, एवढं ठरवलंय. मसुदा असा:

"सस्नेह नमस्कार. मी आपल्या सोसायटीत गेली चौदा वर्षं राहतो. या निवडणुकीत सेक्रेटरीपदासाठी उभा आहे. पारदर्शक, गतिमान आणि सर्वसमावेशक कारभार हे माझं ध्येय आहे. मी दोन वचनं देतो. एक, दर महिन्याच्या ५ तारखेला सोसायटीचा संपूर्ण हिशोब, थकबाकीदारांच्या नावांसह, नोटीस बोर्डवर लावीन. दोन, गळतीची प्रत्येक तक्रार ३० दिवसांत मिटवीन. आपलं बहुमोल मत मला द्यावं ही विनंती."

बायको म्हणते 'सर्वसमावेशक' काढ, लग्नपत्रिका वाटते. बाकी तुम्ही सांगा.

जुना सेक्रेटरी

वहिनींचं ऐका. आणि 'गतिमान' पण काढा.

आता खरी चूक. सेक्रेटरीपदाला कुणी उभं राहत नसतं. सभासद फक्त कमिटी निवडतात. निवडून आलेले अकरा जण पहिल्या बैठकीत आपल्यातून चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार निवडतात. तुम्हाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी सेक्रेटरी दुसराच होऊ शकतो. माझंच उदाहरण घ्या. पहिल्या खेपेला मी खजिनदार व्हायचं म्हणून उभा राहिलो आणि सेक्रेटरी होऊन घरी आलो, कारण बैठकीत बाकी सगळे छताकडे बघत होते. पुढची नऊ वर्षं तेच.

हे पत्रकात चुकलं तर विरोधक पहिल्या दिवशी तेवढीच ओळ लाल करून ग्रुपवर टाकतील. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही अकरातले एक असाल. बैठकीला हजर असलेल्यांपैकी बहुमतानं हात वर केला तरच ठराव होतो. मग 'मिटवीन' हे क्रियापद कोणाच्या जिवावर?

आणि हो, तुमची स्वतःची बिलं भरलेली आहेत ना? थकबाकीवर अर्ज उडालेले उमेदवार मी पाहिलेत.

फटकळ

गळतीत एवढं काय आहे? वरच्या फ्लॅटवाल्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं, उपविधीत स्पष्ट लिहिलंय. कमिटीनं नोटीस काढायची, विषय संपला. ३० दिवस कशाला, ८ दिवस लिहा.

लिंबूटिंबू

पार्किंगबद्दल काहीच नाही का पत्रकात? आमच्याकडे एकाच्या तीन गाड्या आणि मी मात्र तीन वर्षं बाहेर रस्त्यावर. तुम्ही पार्किंगचं वचन द्या, मी पहिलं मत देतो.

तळमजला

@लिंबूटिंबू, तुमचं मत आमच्या सोसायटीत चालणार नाही हो :) पार्किंग मुद्दाम टाळलंय. वाटपाचे नियम सभासदांच्या सभेत ठरतात, मी काय वचन देणार?

@जुना सेक्रेटरी, हे मला खरंच माहीत नव्हतं. ओळ काढली. बिलं भरलेली आहेत. @फटकळ, माझं पण तेच मत होतं, म्हणून तर ३० दिवस लिहिले.

सिव्हिलवाला

फटकळ अर्धं बरोबर बोलताहेत. फ्लॅटच्या आतल्या संडास, न्हाणीघर, सिंक यांच्यामुळे होणारी गळती सभासदानं स्वतःच्या खर्चानं काढायची, हे खरं. पण गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, सामाईक पाइपातून किंवा ड्रेनेज लाइनमधून येणारं पाणी सोसायटीच्या खर्चात येतं. गच्ची गळून वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर पडलं तर तेसुद्धा सोसायटीच्याच माथी. म्हणजे भांडण 'दुरुस्त कोण करणार' याचं नसतंच, 'पाणी येतंय कुठून' याचं असतं. आणि ते न बघता काढलेली नोटीस म्हणजे दोन शेजाऱ्यांचं कायमचं वैर.

पाणी कुठून येतंय हे बऱ्याचदा तोडफोड न करता कळतं. खालच्या माणसाला आधी एवढंच विचारायचं: थेंब कधी पडतो? रात्रंदिवस सारख्याच वेगानं पडत असेल तर दाबाखालची पाण्याची लाइन. वरच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा, सकाळपर्यंत थेंब मंदावला किंवा थांबला तर खात्री पटते. वरचे आंघोळ करतात तेव्हाच ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा लादीचे सांधे. अशा वेळी जाळीचं तोंड कापडानं घट्ट बंद करून न्हाणीघरात दोन बोटं पाणी साठवा आणि काही तास ठेवा. काही झालं नाही तर बोळा काढून रंग घातलेलं पाणी ट्रॅपात ओता. पहिल्या खेपेला ओल आली तर लादी, दुसऱ्या खेपेला रंग उतरला तर ट्रॅप. आणि फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर वरच्या माणसाला सोडा, बाहेरची भिंत नाहीतर गच्ची बघा. गच्चीवर बांध घालून २४ ते ४८ तास पाणी उभं करतात, खाली डाग येतो का पाहायला.

एक सावधगिरी. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सरळ खाली येत नाही, वाट मिळेल तिथून येतं. डाग हॉलमध्ये आणि दोष न्हाणीघरात, असं होतं. म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नका. आणि स्लॅब भिजलेला असतो, मूळ बंद केल्यावरसुद्धा ओल वाळायला आठवडे जातात. ३० दिवसांत 'मिटली' असं तुम्ही म्हणाल, पण छत अजून ओलंच दिसेल.

फटकळ

बरं बाबा, अर्धं तर अर्धं. पण वरचा माणूस घरात घेतच नसेल तर तुमचा रंग ओतणार कुठे?

सिव्हिलवाला

तिथेच सगळं अडतं, मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो इंजिनियरचा प्रश्न नाही.

जुना सेक्रेटरी

उपविधीप्रमाणे कमिटीला आधी कळवून आत जाऊन पाहणी करता येते. पण आधी कळवून, लेखी. मी दोन वेळा शिपायाबरोबर तोंडी निरोप पाठवला, दोन्ही वेळा 'घरी नव्हतो' असं उत्तर आलं. तिसऱ्या वेळी तारीख-वेळ लिहून पोच घेतली, तेव्हा दार उघडलं. तरी न उघडणारे असतातच. त्यांच्यापुढे ३० दिवस काय आणि ३०० काय.

तळमजला

आता मला माझ्याच सोसायटीतली भानगड नव्यानं दिसतेय. सांगतो. ब विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एका काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला परातीएवढा डाग आहे. दोन वर्षं झाली. कमिटीनं चौथ्या मजल्याला तीन नोटिसा काढल्या. त्यानं स्वतःच्या खर्चानं न्हाणीघराची लादी बदलली, तरी डाग तसाच. आता तो म्हणतो माझे पैसे परत द्या, आणि काकू म्हणतात त्यानं काम कच्चं केलं. परवा पत्रकाच्या निमित्तानं गेलो होतो तेव्हा काकूंना सहज विचारलं, थेंब कधी पडतो? म्हणाल्या, "सकाळी सात ते आठ, आणि मग संध्याकाळी, घड्याळ लावल्यासारखा." आमच्याकडे नळाला पाणी दिवसभर असतं, त्यामुळे तेव्हा मला काही कळलं नाही.

सिव्हिलवाला

वरचा सकाळी आंघोळ किती वाजता करतो?

तळमजला

तो रात्रपाळीला असतो. सकाळी नऊनंतर घरी येतो.

सिव्हिलवाला

मग सात ते आठ कोण पाणी सोडतंय? डाग स्वयंपाकघरात आहे, म्हणजे बाजूला डक्ट असणार. डक्टमधून वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी एकाच उभ्या पाइपातून खाली येतं. सकाळी सगळ्यांची मोरी एकदम चालू होते तेव्हा त्या पाइपाच्या सांध्यातून पाणी बाहेर येत असेल आणि भिंतीतून स्लॅबकडे जात असेल. न बघता शपथेवर सांगणार नाही, पण मी असतो तर आधी डक्टमध्ये टॉर्च मारली असती. सांध्याखाली काळपट-पांढरा ओघळ दिसतो. तसं निघालं तर तो सामाईक पाइप आहे, खर्च सोसायटीचा. चौथ्या मजल्यानं लादी फुकट बदलली.

तळमजला

(दुसऱ्या दिवशी) प्लंबरला घेऊन गेलो. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून डक्टमध्ये बघितलं. चौथ्या मजल्याच्या लादीच्या पातळीला उभ्या पाइपाच्या सांध्याला हात लावला तर सिमेंट भुसभुशीत, बोटाला लागून निघालं. खाली हातभर ओघळ. प्लंबरनं पाचव्या मजल्यावरच्या सिंकमधून एक बादली सोडली आणि सांध्याला पाणी आलं. दोन वर्षं आणि तीन नोटिसा, आणि हे बघायला वीस मिनिटं लागली. फोटो काढून सध्याच्या सेक्रेटरींना दिलाय. ते म्हणाले, "निवडणुकीनंतर बघू."

पायरीवरची

मी गेल्या वेळी महिला राखीव जागेवर निवडून आले. अनुभवाचं सांगते. पत्रक कुणी पूर्ण वाचत नाही. दारात उभं राहिलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: 'मेंटेनन्स वाढणार का?' आणि 'आमच्या अमुक तक्रारीचं काय झालं?' पहिल्याला मी 'कमी करू' म्हणाले, आणि तोंडघशी पडले. दर सर्वसाधारण सभा ठरवते, आणि आल्या आल्या सिक्युरिटीचा खर्च वाढला. पुढच्या सभेत एका काकांनी माझं पत्रक खिशातून काढून वाचून दाखवलं. घडी घालून ठेवलं होतं त्यांनी, दीड वर्ष!

दुसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. तक्रार मिटली नाही याचा राग कमी असतो, काय चाललंय ते कळत नाही याचा जास्त. तुमच्या काकूंना कुणी सांगितलं असतं की 'पाहणी झाली, खर्च कोणाचा ते अमुक तारखेपर्यंत कळवतो', तर त्या दोन वर्षं दारात उभ्या राहून कुणाकुणाला सांगत बसल्या नसत्या.

जमाखर्च

मी सात-आठ सोसायट्यांचे हिशोब लिहितो. पहिल्या वचनावर बोलतो, तिकडे कुणी बघितलंच नाही.

५ तारीख अशक्य आहे. बँकेचं स्टेटमेंट आल्याशिवाय महिना बंद होत नाही आणि हिशोबनीस रोज सोसायटीत बसलेला नसतो. १५ लिहा. 'संपूर्ण हिशोब' पण लिहू नका. संपूर्ण हिशोब म्हणजे वर्षाचा ताळेबंद आणि ऑडिट, तो वार्षिक सभेत येतो. महिन्याचं एक पान पुरे, पण त्यात काय असणार हे आधीच ठरवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडण होईल.

आकडे माझे, नमुन्यापुरते. महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक ३,४२,०००. जमा २,६१,०००. खर्च २,३८,५००. अखेरची शिल्लक ३,६४,५००. हे बोर्डवर लावलं की कुणीतरी पासबुक बघणार आणि म्हणणार, बँकेत तर ३,९१,७०० आहेत, मधले २७,२०० कुठे गेले? कुठेही गेले नाहीत, सिक्युरिटी एजन्सीला दिलेला तेवढ्याचाच चेक अजून वटलेला नाही. म्हणून खाली 'न वटलेले चेक' ही एक ओळ हवीच. ती नसली की प्रामाणिक माणूससुद्धा चोर ठरतो, मी दोन खजिनदारांना याच ओळीपायी राजीनामा देताना पाहिलंय.

दुसरी ओळ: महिन्याची बिलं किती काढली. ८४ फ्लॅटना सरासरी ३,५०० धरले तर २,९४,०००. वसूल २,६१,०००, म्हणजे ३३,००० कमी. पैसे का पुरत नाहीत याचं उत्तर त्या एका आकड्यात आहे. आणि सिंकिंग फंडाच्या ठेवी वेगळ्या दाखवा, शिल्लकीत मिसळू नका. नाहीतर 'एवढे लाख पडून आहेत तर मेंटेनन्स कशाला वाढवता' हे ऐकावं लागेल. तो पैसा इमारतीच्या मोठ्या कामांसाठी आहे, महिन्याचं वीजबिल भरायला नाही.

फटकळ

आणि थकबाकीदारांची नावं? ती लावलीच पाहिजेत. लाज वाटल्याशिवाय कुणी पैसे भरत नाही.

जमाखर्च

माझा विरोध आहे. एकाची बाकी खरी असते, दुसऱ्यानं बिलातल्या चुकीबद्दल पत्र दिलेलं असतं आणि कमिटीनं ते वाचलेलंच नसतं. बोर्डवर दोघं एकाच रांगेत. एकूण थकबाकी आणि किती फ्लॅटची, एवढं लावा. नावं सभेत बघू द्या.

फटकळ

मग हा हिशोब दंतहीन.

जुना सेक्रेटरी

मी एक वर्ष नावं लावली आणि पुढच्या वर्षी बंद केली. वसुली पहिल्या दोन महिन्यांत जोरात झाली, खोटं कशाला बोलू. नंतर लोक निर्ढावले, वर एकानं पानच फाडून नेलं. तुम्हीच काय ते ठरवा.

खर्चाबद्दल एक राहिलं. तुमचे ८४ सभासद, म्हणजे उपविधीप्रमाणे दुरुस्तीवर एका वेळी १ लाखापर्यंतच कमिटी आपल्या अखत्यारीत खर्च करू शकते. त्यावर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. डक्टचा सांधा त्यात बसेल. उद्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं तर बसणार नाही, आणि सभा बोलवायला तुम्ही सांगितलेले ३० दिवस संपून जातील. म्हणून दुरुस्तीची तारीख देऊ नका. पाहणीची द्या, आणि उत्तराची द्या.

तळमजला

सगळं ऐकून पुन्हा लिहिलं. 'मी करीन' आणि 'मी कमिटीत मांडीन' यात फरक ठेवलाय. बघा.

"नमस्कार. मी अ विंगच्या तळमजल्यावर चौदा वर्षं राहतो. कमिटीच्या निवडणुकीत सर्वसाधारण गटातून उभा आहे. निवडून आलो तर मी अकरापैकी एक असेन, म्हणून जे एकट्याच्या हातात नाही त्याचं वचन देत नाही. मेंटेनन्स कमी करीन असं म्हणत नाही, तो दर आपण सगळे सभेत ठरवतो.

पहिलं. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचं एक पान दोन्ही विंगच्या बोर्डवर लावायचा ठराव मी पहिल्याच बैठकीत मांडीन. त्यात सुरुवातीची शिल्लक, बिलं किती काढली, जमा किती झाली, खर्च बाबवार, अखेरची शिल्लक, न वटलेले चेक आणि ठेवी वेगळ्या. ठराव फेटाळला गेला तर तेही मी आपल्याला सांगेन.

दुसरं. गळतीची लेखी तक्रार आल्यावर ७ दिवसांत मी स्वतः प्लंबरला घेऊन बघायला येईन. खालच्या घरात, वरच्या घरात आणि डक्टमध्येही. १५ दिवसांत काय दिसलं आणि आमच्या मते खर्च सोसायटीचा की सभासदाचा, हे दोघांनाही लेखी मिळावं, असा आग्रह कमिटीत धरीन. वरच्या घराचं दार उघडलं नाही तर तसंही त्यात लिहिलेलं असेल. दुरुस्ती कधी पूर्ण होईल हे मी आज सांगू शकत नाही."

पायरीवरची

शेवटचं वाक्य ठेवाच. आणि ब विंगच्या काकूंचा किस्सा पत्रकात घालू नका, तोंडी सांगा. छापलात की चौथ्या मजल्याचं मत गेलं.

सिव्हिलवाला

उलट चौथ्या मजल्याचं मत नक्की झालं. निर्दोष सुटलाय तो.

जमाखर्च

'खर्च बाबवार' घातलंत, छान.

फटकळ

जरा मिळमिळीत वाटतं. 'आग्रह धरीन' वर कोण मत देणार? समोरचा 'मेंटेनन्स अर्धा' लिहील आणि निवडून येईल. थकबाकीदार तर तुम्ही पूर्णच गाळले.

तळमजला

समोरच्यानं लिहिलंयच तसं, आज सकाळी दाराखालून आलं. थकबाकीचा एकूण आकडा पानावर घालतोय, नावांचं अजून ठरत नाही. सोसायटीतल्या तिघांना विचारलं, तिघांची तीन मतं. ८४ प्रती छापायला देतोय.

जुना सेक्रेटरी

८५ काढा. एक त्या काकांसारखी घडी घालून तुमच्याच खिशात असू द्या.

लिंबूटिंबू

म्हणजे पार्किंगचं नाहीच का शेवटी?